ट्रायल बॅलन्स १,८०० ने जुळत नाही? चूक कुठल्या टप्प्यावर शिरली ते आधी शोधा

प्रश्न: "मी एफवायबीकॉमला आहे. फायनान्शियल अकाउंटिंगच्या असाइनमेंटमध्ये एका दुकानाचे एप्रिल महिन्याचे व्यवहार दिलेत, त्यांचं जर्नल, लेजर आणि ट्रायल बॅलन्स करायचाय. माझा ट्रायल बॅलन्स १,८०० ने जुळत नाही, डेबिट कमी येतंय. दोन रात्री परत परत तपासलं, काहीच सापडत नाही. मैत्रिणीचा जुळलाय, तिचा उतरवू का? की १,८०० सस्पेन्सला टाकून मोकळी होऊ? गुरुवारी सबमिशन आहे."

उत्तर:

दोन्ही करू नकोस. मी बावीस वर्षं हिशोब लिहितेय, त्यातली पहिली काही वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात हाताने लिहायच्या लेजरवर गेली, त्यामुळे हे न जुळणं मी पुष्कळ बघितलंय. तुझी खरी अडचण ती चूक नाहीये, तपासायची पद्धत आहे. तू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं परत वाचतेस, आणि आपणच लिहिलेलं आपण वाचतो तेव्हा डोळा तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतो. तिसऱ्या रात्रीही तेच होईल.

जर्नल, त्यावरून लेजरमध्ये पोस्टिंग, मग खात्यांचे बॅलन्स काढून ट्रायल बॅलन्समध्ये उतरवणं, असे हे तीन टप्पे आहेत. अकरावी-बारावी मराठीतून केली असशील तर रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज. चूक या तिघांपैकी एका ठिकाणी शिरलीय आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक बेरीज मारता येते जी सांगते की इथपर्यंत ठीक आहे की नाही. बहुतेक मुलं फक्त शेवटची बेरीज मारतात, मधल्या दोन मारतच नाहीत, आणि मग चूक शोधायला अख्खं गणित उपसावं लागतं.

तुझा कागद माझ्यासमोर नाही, त्यामुळे तुझी चूक नेमकी कुठली ते मी सांगू शकत नाही. तुझ्या गणितात आधीच्या वर्षाचे ओपनिंग बॅलन्स असतील, किंवा सरांनी कॅश बुक, परचेस बुक वगैरे वेगळी करायला सांगितली असतील, तर थोडा फरक पडेल, तो पुढे सांगते. जीएसटी प्रश्नात दिला नसेल तर तो धरायचा नाही. तुझ्याच मापाचं एक गणित घेते, दादरमधलं एक स्टेशनरीचं दुकान समज, नावं गणितापुरती.

१ एप्रिलला मालकाने रोख ५०,००० आणि २०,००० चं फर्निचर घेऊन धंदा सुरू केला. २ तारखेला ३०,००० बँकेत भरून खातं उघडलं. ५ ला मीनाकडून २०,००० चा माल १० टक्के ट्रेड डिस्काउंटने उधार घेतला. ८ ला रोख विक्री १२,०००. १२ ला सुरेशला १५,००० चा माल उधार विकला. १५ ला दुकानाचं भाडं चेकने ६,४००. १८ ला सुरेशने १,००० चा माल परत केला. २० ला सुरेशने हिशोब पूर्ण मिटवून १३,१०० चा चेक दिला, तो त्याच दिवशी बँकेत भरला. २२ ला मीनाला चेकने १०,००० दिले. २५ ला मालकाने ५०० चा माल घरी नेला. २८ ला पगार रोख ७,०००. ३० ला दुकानासाठी ३,००० चं टेबल रोखीने घेतलं.

बारा व्यवहार आहेत, त्यातले आठ सरळ आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. चार जागी मुलं अडकतात.

५ तारखेचा माल १८,००० ला लिहायचा, २०,००० ला नाही. ट्रेड डिस्काउंट हा बिलातच वजा होतो, पुस्तकात त्याची नोंदच होत नाही, म्हणून परचेस डेबिट १८,०००, मीना क्रेडिट १८,०००, बस. जर्नलमध्ये ट्रेड डिस्काउंट नावाची ओळ दिसली की समजायचं काहीतरी चुकलंय.

२० तारखेला मात्र उलट आहे. सुरेशकडून येणं किती होतं ते आधी बाजूला लिहून काढ, १५,००० मधून परत आलेला १,००० चा माल गेला, राहिले १४,०००. त्याने दिले १३,१०० आणि हिशोब मिटला, म्हणजे ९०० आपण सोडले. ही कॅश डिस्काउंट, ती लिहायचीच. एन्ट्री अशी की बँक डेबिट १३,१००, डिस्काउंट अलाउड डेबिट ९००, सुरेश क्रेडिट १४,०००. "हिशोब पूर्ण मिटवून" हे शब्द प्रश्नात उगाच टाकलेले नसतात, तिथे डिस्काउंटची रक्कम आपण काढायची असते. आणि खात्याचं नाव पूर्ण लिही, "डिस्काउंट अलाउड" असं, नुसतं "डिस्काउंट" लिहिलंस की पुढे ट्रायल बॅलन्स करताना ते दिलेलं होतं का मिळालेलं हे आठवत नाही आणि हात चुकीच्या कॉलमात जातो.

२५ ला घरी नेलेला माल म्हणजे विक्री नाही. ड्रॉइंग्ज डेबिट ५००, परचेस क्रेडिट ५००, कारण विकायला आणलेल्या मालातून तेवढा कमी झाला आणि त्यावर नफा कोणी कमावला नाही. आणि ३० तारखेचं टेबल फर्निचरला जातं, परचेसला नाही. परचेस खातं फक्त परत विकायच्या मालासाठी असतं, स्टेशनरीच्या दुकानाने पेनं घेतली तर परचेस, टेबल घेतलं तर फर्निचर, पण तेच टेबल फर्निचरच्या दुकानाने विकायला घेतलं असतं तर परचेसच झालं असतं. म्हणून एन्ट्री करण्याआधी धंदा कसला आहे ते प्रश्नाच्या पहिल्या ओळीत परत बघ.

आता पहिली बेरीज. जर्नलच्या डेबिट कॉलमची आणि क्रेडिट कॉलमची बेरीज मार. आपल्या गणितात दोन्हीकडे १,८६,९०० येतात. दोन पानं झाली असतील तर पहिल्या पानाच्या खाली बेरीज लिहून पुढच्या पानाच्या वर ती ओढून आणायची, तिथेही चूक होते, ओढून आणताना आकडा फिरतो. जर्नलच जुळलं नाही तर पुढे जाऊच नको, चूक याच पानावर आहे आणि बहुतेक वेळा ती तीन खात्यांच्या एन्ट्रीत सापडते, आपल्याकडे १ तारखेची आणि २० तारखेची तशा आहेत.

जुळलं तर हा १,८६,९०० आकडा पेन्सिलने एका कोऱ्या कागदावर मोठा लिहून ठेव, पुढे तो लागणार आहे.

पोस्टिंगबद्दल एकच सवय सांगते, मला ती पहिल्या नोकरीत एका वयस्कर अकाउंटंट काकांनी लावली. जर्नलमध्ये एलएफचा जो बारीक कॉलम असतो, तो मुलं शेवटी सगळं झाल्यावर एकदम भरतात किंवा रिकामा ठेवतात. काका म्हणायचे, तो कॉलम शोभेचा नाही, ती पोच आहे. लेजरमध्ये रक्कम लिहिली की लगेच परत येऊन त्या ओळीसमोर खात्याचा पान नंबर टाकायचा, आधी नाही आणि नंतर नाही. मग ज्या ओळीसमोर नंबर नाही ती ओळ लेजरला गेलेली नाही हे बघताक्षणी कळतं. आणि एका एन्ट्रीच्या सगळ्या ओळी पोस्ट झाल्याशिवाय पुढच्या एन्ट्रीला हात लावायचा नाही. सगळे डेबिट आधी आणि सगळे क्रेडिट नंतर असं काही जण करतात, त्यात मधेच फोन आला, आईने हाक मारली, की एखादी ओळ सुटते.

आता दुसरी बेरीज, आणि तुझ्यासाठी सगळ्यात कामाची हीच आहे. पोस्टिंग झाल्यावर बॅलन्स काढायच्या आधी थांब. प्रत्येक खात्याच्या डेबिट बाजूची नुसती बेरीज आणि क्रेडिट बाजूची नुसती बेरीज पेन्सिलने खाली लिही, वजाबाकी करू नको. आपल्या गणितात कॅशला डेबिट ६२,००० आणि क्रेडिट ४०,०००, बँकेला ४३,१०० आणि १६,४००, सुरेशला १५,००० आणि १५,०००, मीनाला १०,००० आणि १८,०००, परचेसला १८,००० आणि ५००. बाकीच्या खात्यांत एकच बाजू आहे, डेबिटला फर्निचर २३,०००, भाडं ६,४००, सेल्स रिटर्न १,०००, डिस्काउंट अलाउड ९००, ड्रॉइंग्ज ५००, पगार ७,०००, आणि क्रेडिटला सेल्स २७,०००, कॅपिटल ७०,०००. मग सगळ्या खात्यांच्या डेबिट बेरजांची एक मोठी बेरीज आणि क्रेडिट बेरजांची एक. दोन्ही १,८६,९०० यायला हव्यात, कारण जर्नलमधलीच प्रत्येक रक्कम आपण उचलून दुसरीकडे ठेवली, नवीन काही घातलं नाही आणि काही काढलंही नाही.

पुस्तकात याला टोटल मेथडने केलेला ट्रायल बॅलन्स म्हणतात, परीक्षेत सहसा बॅलन्स मेथडच विचारतात म्हणून मुलं ही पद्धत विसरून जातात. पण चूक पकडायला तिच्याइतकं चांगलं काही नाही, कारण इथे तुलना करायला जर्नलचा पक्का आकडा हातात असतो. शेवटच्या ट्रायल बॅलन्सला असा पक्का आकडा नसतो, तिथे फक्त दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत एवढंच कळतं, कुठली बाजू चुकली ते कळत नाही. (ओपनिंग बॅलन्स असतील आणि त्यांची ओपनिंग एन्ट्री जर्नलमध्ये केली नसेल तर जर्नलच्या बेरजेत ते मिळवून मग तुलना कर. कॅश बुक वेगळं केलं असेल तर कॅश बुकातले व्यवहार जर्नलमध्ये येतच नाहीत, तेव्हा जर्नलचा पक्का आकडा मिळत नाही, तिथे प्रत्येक पुस्तकाची बेरीज वेगळी ताडून बघावी लागते.)

आता तुझे १,८०० घेऊ. समज तुझ्या लेजरची मोठी बेरीज डेबिटला १,८५,१०० आणि क्रेडिटला १,८६,९०० आली. क्रेडिट जर्नलशी बरोबर आहे, डेबिट १,८०० ने कमी. म्हणजे कुठल्या तरी खात्यात डेबिटची रक्कम कमी लिहिली गेली, किंवा १,८०० ची एखादी ओळ पोस्टच झाली नाही, क्रेडिटच्या बाजूला वेळ घालवायचं कारण नाही. अर्धं काम तिथेच वाचलं.

समज त्याऐवजी डेबिटला १,८६,००० आणि क्रेडिटला १,८७,८०० आले. फरक तोच १,८००, पण गोष्ट एकदम वेगळी. डेबिट ९०० ने कमी, क्रेडिट ९०० ने जास्त, म्हणजे ९०० ची एक रक्कम डेबिटला जायच्या ऐवजी क्रेडिटला गेलीय. आपल्या गणितात ९०० ची एकच रक्कम आहे, सुरेशला दिलेली डिस्काउंट. एका मिनिटात सापडली.

आणि समज दोन्हीकडे बरोबर १,८६,९०० आले. म्हणजे पोस्टिंगमध्ये रकमा आणि बाजू दोन्ही ठीक आहेत, चूक त्याच्यापुढे आहे, बॅलन्स काढताना किंवा तो ट्रायल बॅलन्सवर उतरवताना. मग जर्नल उघडायचंच नाही, फक्त तेरा खात्यांच्या वजाबाक्या आणि शेवटचा एक कागद बघायचा.

तू म्हणालीस डेबिट कमी येतंय, पण या तिन्ही शक्यतांमध्ये शेवटच्या कागदावर डेबिट १,८०० ने कमीच दिसू शकतं. म्हणून दोन रात्री शोधून सापडलं नाही.

दोनने आणि नऊने भागून बघायची युक्ती तुला कोणीतरी सांगितली असेलच. ती चांगली आहे पण तिचा उपयोग टप्पा कळल्यानंतर, आणि ती का चालते ते माहीत असायला हवं. दोनने भागायचं कारण वर आलंच, रक्कम चुकीच्या बाजूला गेली की एक बाजू तेवढ्याने घटते आणि दुसरी तेवढ्याने वाढते, फरक दुप्पट होतो. नऊचं कारण असं की शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले तर येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. ६,४०० चे ४,६०० झाले तर फरक १,८००. नऊने भागलं की २०० येतात, म्हणजे हजार आणि शेकड्याच्या जागेचे अंक उलटे झालेत आणि त्या दोन अंकांत दोनचा फरक आहे. आता आपल्या जर्नलमध्ये बघ, अशा रकमा किती आहेत? भाड्याचे ६,४०० आहेत, सहा आणि चार. सुरेशचे १३,१०० आहेत, तीन आणि एक, ते ११,३०० लिहिले गेले तरी बरोबर १,८०० चाच फरक पडतो. आणि रोख विक्रीचे १२,००० आहेत, दोन आणि शून्य, ते १०,२०० झाले तरी तेच. तिघंही संशयित आहेत, आणि तिघंही डेबिटला पोस्ट होतात, एक भाडं खात्यात, एक बँकेत आणि एक कॅशमध्ये. त्या तीन ओळींवर जर्नलशेजारी लेजर ठेवून बोट ठेवायचं आणि अंक एक एक करून मोठ्याने वाचायचे. शून्य खाल्लं गेलं तरी नऊचीच पट येते, २,००० चे २०० झाले तर फरक १,८००. त्यामुळे नऊने भाग गेला म्हणजे चूक सापडली असं नाही, फक्त आधी कुठे बघायचं ते कळतं. १,८०० ला दोननेही भाग जातो आणि नऊनेही, म्हणून नुसत्या या युक्तीने तुझं काम झालं नसतं, आधी मोठी बेरीज हवीच.

आणि एकापेक्षा जास्त चुका असतील तर हे भागाकार काहीच सांगत नाहीत. समज एक चूक २,३०० ची एका दिशेला आणि दुसरी ५०० ची उलट्या दिशेला, मिळून १,८०० दिसतात आणि ना कुठे ९०० सापडतात ना कुठे उलटे अंक. असं वाटलं तर जर्नल आणि लेजर समोरासमोर घेऊन प्रत्येक ओळीला पेन्सिलने टिक करत जायचं, जर्नलमध्ये एक टिक, लेजरमध्ये एक टिक, आणि शेवटी जे बिनटिकचं राहील ते बघायचं. याला तास लागतो, पण हा तास एकदाच लागतो.

पोस्टिंग ठीक असेल तर तिसऱ्या टप्प्यात काय बघायचं. ज्या खात्यात दोन्ही बाजूंना रकमा आहेत तिथेच वजाबाकी असते, आपल्याकडे अशी पाचच खाती आहेत, कॅश, बँक, परचेस, सुरेश, मीना. त्या पाच वजाबाक्या परत कर. बाकीच्या आठ खात्यांत बेरीज तोच बॅलन्स. मग ट्रायल बॅलन्सच्या कागदावर खात्यांची नावं मोज, लेजरमध्ये तेरा खाती आहेत, सुरेशचं शून्य झालं म्हणून ते सोडलं तर बारा नावं हवीत. सगळ्यात जास्त सुटणारं खातं कॅशचं किंवा बँकेचं असतं, कारण ती वेगळ्या पानावर किंवा वहीच्या सुरुवातीला असतात. आणि मग कॉलम. बॅलन्स काढताना "बॅलन्स सीडी" आपण लहान बाजूला लिहितो, म्हणून कॅशच्या खात्यात तो क्रेडिट बाजूला दिसतो, आणि मुलं तो तसाच क्रेडिट कॉलमात उतरवतात. बॅलन्स ज्या बाजूची बेरीज मोठी त्या बाजूचा. डिस्काउंट अलाउडही इथेच क्रेडिटला जाते, डिस्काउंट म्हणजे फायदा असं डोक्यात असतं म्हणून, आणि मग परत ९०० चे १,८०० होतात.

बरोबर उत्तर असं दिसतं.

डेबिट: कॅश २२,०००, बँक २६,७००, फर्निचर २३,०००, परचेस १७,५००, भाडं ६,४००, सेल्स रिटर्न १,०००, डिस्काउंट अलाउड ९००, ड्रॉइंग्ज ५००, पगार ७,०००. एकूण १,०५,०००.

क्रेडिट: कॅपिटल ७०,०००, सेल्स २७,०००, मीना ८,०००. एकूण १,०५,०००.

आता तुझ्या मैत्रिणीबद्दल. तिचा जुळला ही चांगली गोष्ट आहे, पण जुळला म्हणजे एवढंच की जितकं डेबिट झालं तितकंच क्रेडिट झालं. वरच्याच गणितात तीन चुका करून बघ. सुरेशची ९०० डिस्काउंट लिहायची राहिली, तर डिस्काउंट खातं नाही आणि सुरेशच्या नावावर ९०० डेबिट बाकी, एकूण १,०५,०००. टेबलाचे ३,००० परचेसला टाकले, तर फर्निचर २०,०००, परचेस २०,५००, एकूण १,०५,०००. घरी नेलेल्या मालाची एन्ट्रीच केली नाही, तर परचेस १८,००० आणि ड्रॉइंग्ज नाही, एकूण परत १,०५,०००. तिन्ही चुका, तिन्ही वेळा जुळतो, आणि एकूण आकडासुद्धा बरोबर उत्तराशी जुळतो! म्हणजे मैत्रिणीच्या किंवा पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी एकूण आकडा ताडून बघणं हीसुद्धा खात्री नाही. ट्रेड डिस्काउंट लिहिली, म्हणजे परचेस २०,००० आणि डिस्काउंट रिसिव्हड २,००० असं केलं, तर एकूण १,०७,००० होतं पण जुळतोच.

या चुका बेरजेने सापडत नाहीत, एक एक बॅलन्स वाचून सापडतात. सुरेशने हिशोब मिटवला ना, मग त्याच्या नावावर काही राहता कामा नये, ९०० राहिले तर का राहिले? मीनाचं १८,००० पैकी १०,००० दिले, ८,००० राहिले, बरोबर. फर्निचर सुरुवातीला २०,००० होतं, महिन्यात एक टेबल आलं, मग ते २०,००० च कसं? हातात रोख २२,००० आहे, ती डेबिटच असणार, कॅशचा क्रेडिट बॅलन्स कधीच येऊ शकत नाही कारण गल्ल्यात नाहीत ते पैसे देता येत नाहीत. बँकेचा मात्र येऊ शकतो, ओव्हरड्राफ्ट असेल तर. असं प्रत्येक खात्याला प्रश्नाशी लावून विचारायचं, बारा खात्यांना दहा मिनिटं लागतात.

ऑफिसात आता सगळं टॅलीवर असतं आणि दोन बाजू जुळल्याशिवाय व्हाउचर सेव्हच होत नाही, त्यामुळे तुझ्यासारखा १,८०० चा फरक तिथे सहसा दिसत नाही. पण ही दुसऱ्या जातीची चूक तिथेही होते. माझ्या एका क्लायंटकडे एकाच आडनावाचे दोन गिऱ्हाईक होते, एकाचा चेक आला तो दुसऱ्याच्या खात्यात पडला, ट्रायल बॅलन्स अगदी जुळलेला. ज्याने पैसे दिले होते त्याला उधारीची आठवण करून देणारा फोन गेला आणि तो दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलला, ते मला अजून लागतं. म्हणून तुला बॅलन्स वाचायला सांगतेय.

सस्पेन्सबद्दल. धंद्यात फरक सापडेपर्यंत काम अडू नये म्हणून तो तात्पुरता सस्पेन्सला ठेवतात आणि सापडला की एन्ट्री करून ते खातं बंद करतात. तुझ्या प्रश्नात "फरक सस्पेन्सला न्या" असं लिहिलेलं नसेल तर तपासणाऱ्याला सस्पेन्स दिसलं की कळतं की चूक आहे आणि शोधली नाही. परीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरली असतील तर गोष्ट वेगळी, तिथे फरक लपवण्यापेक्षा उघड दाखवलेला बरा, पण त्याचे मार्क द्यायचे का ते तपासणाऱ्यावर आहे. तुला गुरुवारपर्यंत वेळ आहे. एक मात्र करू नको, एखाद्या खात्यात १,८०० घुसवून जुळवू नको. तसं केलं की एका चुकीच्या दोन होतात आणि नंतर मूळ चूक सापडली तरी ट्रायल बॅलन्स परत १,८०० ने बिघडतो, उलट्या बाजूला.

चूक सापडल्यावर आकड्यावर आकडा गिरवू नको, चाराचा सहा केलेला आकडा पुढे कोणालाच नीट वाचता येत नाही. एक सरळ रेघ मारून वर बरोबर आकडा लिही, मग त्या खात्याची बेरीज, बॅलन्स आणि ट्रायल बॅलन्सची ओळ या तिन्ही जागा बदल. मुलं पहिली जागा बदलतात आणि शेवटच्या दोन विसरतात.

आज रात्री बाकी काही करू नको, फक्त तीन आकडे काढ. जर्नलची बेरीज, लेजरच्या सगळ्या डेबिट बाजूंची मोठी बेरीज, आणि सगळ्या क्रेडिट बाजूंची. ते तीन आकडे इथे खाली लिही, सोबत गणितात ओपनिंग बॅलन्स आहेत का तेही सांग. मी उद्या संध्याकाळी सातनंतर बघते, त्यावरून चूक पोस्टिंगमध्ये आहे की पुढे, आणि कुठल्या बाजूला, हे सांगता येईल.